मांजेरिकूची चारोळी

डिचोली, २९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार
रात्रीचे पावणेबारा

आरती संपली, घुमटं परत खुंटीला लागली, शेजारची मुलं पातोळ्या खाऊन घरी गेली. आई-बाबा झोपले. मी गणपतीसमोर चटई टाकून बसले आहे. समई विझू द्यायची नाही, आज तेल बघायची पाळी माझी. वर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीतला चिबूड पिकला आहे, खोलीभर त्याचाच वास.

मघाशी तियागुचा मेसेज आला. लिस्बनला आत्ता सव्वासात वाजले असतील, म्हणजे कामावरून येऊन त्याने कुंडीला पाणी घातलं. रोज घालतो आणि रोज फोटो पाठवतो. आज खाली लिहिलंय, ‘जेवलीस?’ हा शब्द मीच शिकवला त्याला. आमच्याकडे भेटल्यावर ‘कशी आहेस’च्या जागी हेच विचारतात, असं सांगितलं होतं. म्हणजे तो मला फक्त ‘हॅलो’ म्हणतोय? की खरंच जेवले का ते विचारतोय? चौदा महिने एका घरात राहून मला हे कळत नाही आणि आता ते कळल्याशिवाय चैन पडत नाही.

कुंडीचं नीट लिहून ठेवते. १२ जूनची रात्र, सांतु आंतोनियुचा सण. आपल्याकडे शिवोलीच्या चर्चमध्ये ज्याला हरवलेल्या वस्तूंसाठी साकडं घालतात, तोच हा सांत आंतोन. तिकडे तो लग्नं जुळवणारा. गल्ल्यागल्ल्यांत बांगड्यांसारखे सार्दिनचे मासे निखाऱ्यावर भाजत होते, धुराने डोळे चुरचुरत होते. त्या दिवशी मांजेरिकूच्या छोट्या कुंड्या विकतात. बारीक पानांची, गोल वाढलेली, आपल्या तुळशीची चुलत बहीण. कुंडीत कागदी फूल आणि काडीला लावलेली कागदाची पताका, तिच्यावर चारोळी. आपल्या माणसाला द्यायची ही भेट. नाक लावून वास घ्यायचा नाही, रोप मरतं म्हणतात. हात फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा.

तियागु गाड्यावर थांबला आणि एकेक पताका वाचत बसला. दहा-बारा तरी वाचल्या असतील. मागे गर्दी ढकलत होती, आमच्या घरातली तिसरी, मारियाना, पुढे निघूनही गेली होती. मग त्याने एक कुंडी घेतली, माझ्या हातात दिली आणि पैसे देऊ लागले तर मानेनेच नको म्हणाला. घरी आल्यावर ती माझ्या खिडकीत ठेवली. स्वयंपाकघरातल्या खिडकीत नाही.

पण ऊनही माझ्याच खिडकीत येतं. प्रत्येक गोष्ट अशी दोन्ही बाजूंनी वाचता येते, त्यानेच जीव दमतो.

मार्चमध्ये मला ताप आला तेव्हा त्याने कांजा केली. कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला भात, आपली पेजच म्हणायची, आणि नावही आपल्याच किनाऱ्यावरून तिकडे गेलेल्या ‘कांजी’चं. मी वाटी दोन्ही हातांत धरली आणि रडले. त्याने काही विचारलं नाही, शेजारी बसून राहिला. पण मारियाना आजारी पडली तेव्हा तिलाही कांजा मिळाली होती. तिची सायकलही तोच दुरुस्त करतो. मेसेजच्या शेवटी तो ‘बेजिन्युश’ लिहितो, म्हणजे पापे. पण घरमालकीणही भाड्याची आठवण करताना तेच लिहिते. दोन्ही गालांवरच्या पाप्यांचा तर मी विचारच सोडला, ती तिकडची रीत आहे. विमानतळावर मात्र त्याने ती रीत पाळली नाही. माझा हात धरून नुसता उभा राहिला, आणि ‘उशीर होईल’ असं मलाच म्हणावं लागलं.

दुपारी नेवऱ्या करताना मी कालचा फोटो बघत होते तेव्हा आई म्हणाली, “हा कोण गो, रोज झाडाचे फोटो धाडणारा?” मी म्हटलं, “घरात राहतो तो, आई. कुंडीला पाणी घालतो.” आई मुरड घालत राहिली, पण वैनीने वर बघितलं. मागच्या दारी भांडी घासताना ती म्हणाली, “तुझा दादा दर चवथीला आमच्याकडे माटोळीचं सामान घेऊन यायचा. रानातली कांगलां, सुपारीचा घड, तोरिंग, सगळं. मला वाटायचं शेजारधर्म. चार वर्षं वाटत राहिलं.”

मला एकदम धीर आला. मग आठवलं, दादा अजूनही चार घरी ते सामान पोचवतो. ज्या म्हाताऱ्यांना रानात जाववत नाही त्यांच्या घरी. यंदा मीही गेले होते त्याच्याबरोबर. तीच पिशवी, तीच कांगलां. वैनीच्या दारातली पिशवी वेगळी होती, हे पिशवीकडे बघून कुणालाच कळलं नसतं. मी वैनीला विचारलं, “मग तुला कळलं कसं?” ती म्हणाली, “पाचव्या वर्षी मीच विचारलं त्याला.”

मला ते प्रेम असावं असं वाटतंय. हे मी आजवर या वहीतही लिहिलं नव्हतं. घरी आल्यापासून रोज रात्री साडेअकराला मी फोन हातात धरून बसते, आणि फोटो यायला दहा मिनिटं उशीर झाला तर आरतीत लक्ष लागत नाही. म्हणून भीती वाटते. मी विचारलं आणि तो गोंधळला, तर ते घर पूर्वीसारखं राहणार नाही. लिस्बनमध्ये परवडणारी खोली शोधताना किती वणवण केली होती मी. पण खोली दुसरी मिळेलही. संध्याकाळी चावी फिरवल्यावर आतून ‘जेवलीस?’ ऐकू येतं, ते दुसऱ्या खोलीत मिळणार नाही. जे आहे तेही हातचं जाईल.

ती पताका या वहीच्या मागच्या खिशात आहे. चार ओळी. माझं पोर्तुगीज कामापुरतं, त्यातून यमकासाठी शब्द उलटेपालटे केलेले. शब्दकोश घेऊन बसले असते तर जूनमध्येच अर्थ लागला असता. मुद्दाम नाही बसले. एक शब्द मात्र पहिल्याच दिवशी कळला होता, ‘जनेला’. आजी मरेपर्यंत खिडकीला जनेल म्हणायची. “जनेल धांप गो, पावस येता.” तिचा शब्द त्या पताकेवर बघून मी कितीतरी वेळ तशीच उभी होते.

त्या पताका छापीलच असतात, हजारोंनी. त्यात त्याचं काही नाही. पण त्याने दहा-बारा वाचून ही घेतली. का घेतली, ते फक्त त्यालाच माहीत.

रविवारी विसर्जन, मंगळवारी मोपाहून विमान. बुधवारी मारियाना रात्री उशिरा येते. पताका टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, मला ही वाचून दाखव. आणि मग, हीच का घेतलीस? एवढंच विचारेन. फोनवर नाही. ऐकताना त्याचा चेहरा मला दिसला पाहिजे.

त्याला आत्ता लिहिलं, “जेवले. पाच भाज्या, खतखतं, नेवऱ्या. तू जेवलास?” लगेच उत्तर आलं, अजून नाही, तुझ्या उत्तराची वाट बघत होतो.

समईची ज्योत खाली गेली आहे. तेल घालते.