कबड्डीच्या फायनलनंतर, मॅटच्या कडेला

बसा रे सगळे. आधी पाणी प्या.

४२-१७. सपाटून हरलो. नशीब-बिशीब म्हणायचं नाही. तीन लोण चढले, आणि तिसऱ्याच्या वेळी तुम्ही साखळीच सोडलीत. जो तो एकटाच चढाईवाल्याच्या अंगावर! मॅटवर पाय सरकत होते, ती मात्र माझी चूक. सराव मी मातीवरच घेतला.

छोट्या, रडतोस काय? तिघंच उरले होते, तेव्हा तू त्या उंच पोराचा घोटा धरलास. कोपर सोललं तरी सोडला नाहीस. सुपर टॅकल होती ती, दोन गुणांची. दाखव कोपर. कॅप्टन, डेटॉल आण.

आता उठा, त्यांच्या पोरांशी हात मिळवून या. माना वर. मग वडापाव, माझ्याकडून. सोमवारी साडेसहाला मैदानावर.