तुझी सुरुवात, कापून

ऋचा,

नागपूर करारावरचा निबंध वाचला. आतला मजकूर दमदार आहे, घोळ फक्त सुरुवातीत आहे. तू लिहिलंस ते असं:

"ऑरेंज सिटी म्हणून ओळखले जाणारे नागपूर हे भारताच्या मध्यभागी वसलेले ऐतिहासिक शहर आहे. या भूमीला थोर परंपरा लाभली आहे. झीरो माइल, दीक्षाभूमी, फुटाळा तलाव ही शहराची ओळख आहे. १९५३ साली झालेला नागपूर करार हा महाराष्ट्राच्या इतिहासातील सुवर्णक्षण मानला जातो. या कराराचे अनेक पैलू आहेत. त्याचे काही फायदे झाले, काही तोटे झाले. प्रस्तुत निबंधात आपण या सर्वांचा सखोल आढावा घेणार आहोत."

करार यायला चौथं वाक्य लागलं बाप्पा! पहिली तीन पर्यटनाच्या पत्रकात शोभतील, ती गेली. 'सुवर्णक्षण'ही गेला, कारण पान ४ वर तू त्याच करारावर चिडली आहेस. 'काही फायदे, काही तोटे' हे तर सेकंडहँड स्कूटीबद्दलही म्हणता येतं. 'सखोल आढावा' म्हणजे पुढे काय येणार ते सांगायचं टाळणं.

तुझं खरं म्हणणं पान ४ च्या तळाशी लपलंय: "अधिवेशन दरवर्षी दिसतं, निधीतला वाटा कोणाला दिसतो?" तेच वर आणलं. आता सुरुवात एवढीच:

"१९५३च्या नागपूर करारातली डोळ्यांना दिसणारी आश्वासने बहुतांशी पाळली गेली, पण आकड्यांत मोजावी लागणारी मागे पडली. आधी हिवाळी अधिवेशन आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ, मग दांडेकर समितीच्या १९८४च्या अहवालातला अनुशेष, आणि शेवटी १९९४ ते २०२० या काळातल्या विकास मंडळांच्या मर्यादा, या क्रमाने ते पाहू."

पहिलं वाक्य म्हणजे तुझा दावा. कोणी म्हणेल, 'नाही, आकड्यांचंही पाळलंय', तर पुढची पानं त्याला उत्तर देतील. असं कोणाला तरी खोडावंसं वाटलं पाहिजे. 'अनेक पैलू आहेत' हे कोण खोडणार?

'बहुतांशी' काढू नकोस. २०२० आणि २०२१ची हिवाळी अधिवेशनं मुंबईत झाली, परीक्षक तेवढ्यावर धरतील.

दुसऱ्या वाक्यामुळे एक काम वाढलंय. तुझ्या निबंधात विकास मंडळं अनुशेषाच्या आधी येतात. तो भाग उचलून शेवटी ने, तारखांच्या ओघातही तोच क्रम बसतो. फझल अली आयोगाचा परिच्छेद मात्र आराखड्यात मुद्दाम घेतला नाही. आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती हे खरं, पण तो वेगळ्या निबंधाचा विषय आहे. ठेवायचाच असेल तर दोन ओळींत, खंडपीठाच्या आधी.

पान ४ वरचं ते अधिवेशनाचं वाक्य आहे तिथेच राहू दे. सुरुवातीत मी शब्द बदललेत, त्यामुळे पुनरुक्ती वाटणार नाही. फुटाळ्याचं वाईट वाटलं तर संध्याकाळी तिकडे चहा पाजतो.

दादा