विषय : आपल्या पट्टी-नोंदणी खात्याची मासिक मर्यादा आणि जुलैसाठी एक सूचना

दि. ४ जुलै २०२५
जळगाव

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत आपल्या सावद्याच्या खात्यावरची पट्ट्यांची मासिक मर्यादा संपल्यामुळे काम एकूण नऊ वेळा थांबले आणि प्रत्येक वेळी आपण २५० रुपयांचा जादा पॅक घेऊन ते पुन्हा सुरू केले. त्यांतील १६ जूनच्या रात्रीचा प्रसंग मला विशेष लागला, कारण त्या वेळी माल भरून गाडी काट्यावर उभी होती, पैसे भरण्याचा व्यवहार दोनदा अडकला आणि आमच्या कार्यालयात आपला फोन उचलायला कोणी नव्हते. त्याबद्दल मी आधी मनापासून दिलगिरी व्यक्त करते. एकच अडचण नऊ वेळा येत असेल तर ग्राहकाला दर वेळी नवा पॅक विकून मोकळे होणे योग्य नाही, असे वाटल्याने मी आपल्या खात्याचा गेल्या बारा महिन्यांचा हिशेब बसून काढला. तो आपल्यासमोर ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. शेवटी प्रीमियम योजनेचा उल्लेख येईल, परंतु ती आपल्याला कुठे परवडत नाही हेही त्यात तितकेच स्पष्ट लिहिले आहे.

आपली सध्याची बेसिक योजना महिना ६०० रुपयांची असून तिच्यात ४०० पक्क्या पट्ट्या आणि दोन लॉगिन मिळतात. एप्रिलमध्ये आपल्या ५२० पट्ट्या झाल्या, मेमध्ये ६९० आणि जूनमध्ये ७४२. त्यासाठी अनुक्रमे दोन, तीन आणि चार जादा पॅक लागले, म्हणजे या तीन महिन्यांचा खर्च ११००, १३५० आणि १६०० रुपये झाला. मागील वर्षी जुलैत तीन पॅक लागले होते आणि ऑगस्टमध्ये एक. उरलेल्या सात महिन्यांत मात्र आपण ४०० च्या आतच राहिला आहात. जुलै २०२४ ते जून २०२५ या बारा महिन्यांत आपण आम्हाला एकूण १०,४५० रुपये दिले आहेत. या पत्रातील सर्व रकमा जीएसटी वगळून आहेत. त्यावर १८ टक्के कर लागतो आणि ताजी केळी करमुक्त असल्यामुळे फक्त केळीचा व्यवहार करणाऱ्याला त्या कराची वजावट सहसा मिळत नाही, म्हणून तो आपण खर्चातच धरावा. आपला इतरही व्यवसाय असल्यास आपल्या सीएंना एकदा विचारून घ्यावे.

हिशेब काढताना दोन गोष्टी दिसल्या, ज्या मी आपल्याला आधीच सांगायला हव्या होत्या. पहिली अशी की जादा पॅकमधील न वापरलेल्या पट्ट्या महिनाअखेरीस संपतात, पुढच्या महिन्यात जात नाहीत. त्यामुळे गेल्या तीन महिन्यांत आपण पैसे भरलेल्या १४८ पट्ट्या वाया गेल्या. नियम पॅक घेतानाच्या पानावर लिहिलेला आहे हे खरे, पण रात्री गाडी खोळंबलेली असताना ते पान कोण वाचत बसणार?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जूनच्या ७४२ पट्ट्यांपैकी ४६ पट्ट्या रद्द करून पुन्हा बनवलेल्या आहेत आणि रद्द केलेली पट्टीसुद्धा मर्यादेत मोजली जाते. या ४६ पैकी ३१ पट्ट्या काम थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रद्द झालेल्या दिसतात. मी त्या एकेक उघडून पाहिल्या तेव्हा कारण लक्षात आले. रात्री मर्यादा संपली की आपली माणसे काट्यावरचे वजन कागदावर लिहून ठेवतात आणि सकाळी पॅक घेतल्यावर ते नोंदवतात. तोपर्यंत तारीख बदललेली असते, त्यामुळे नवती असो वा पिलबाग, पट्टीत भाव आणि फरक दोन्ही नव्या दिवसाचे भरले जातात. माल आदल्या दिवशी कापलेला आणि पट्टी आजच्या भावाची, असे झाल्यावर शेतकरी हरकत घेणारच, आणि ती रास्तच आहे. माझे माहेर यावल तालुक्यातले आहे आणि वडिलांची केळीचीच बाग आहे. पट्टीवरचा फरक दोन रुपयांनी इकडे-तिकडे झाला तर घरात किती वेळ त्याचीच चर्चा चालते हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. काम थांबल्याची खरी किंमत २५० रुपयांच्या पॅकमध्ये नसून या चुकलेल्या पट्ट्यांत आहे, असे मला वाटते.

यावर एक उपाय आजच आणि विनाखर्च करता येतो. पट्टी भरताना ‘पक्की करा’ हे बटण दाबण्याआधी वरच्या कोपऱ्यातील तारखेवर बोट ठेवल्यास आदल्या दिवसाची तारीख निवडता येते आणि त्याच दिवसाचा भाव भरला जातो. शंका असेल तर पट्टी कच्ची म्हणून जतन करावी, कारण कच्ची पट्टी मर्यादेत मोजली जात नाही. एकही पट्टी रद्द करावी लागली नसती तर जूनमध्ये ६९६ पट्ट्यांवर काम भागले असते आणि चौथा पॅक लागला नसता. शिवाय ३२० पट्ट्या झाल्या की आपल्या मोबाइलवर सूचना यावी अशी सोय बेसिक योजनेतही आहे. ती आपल्या खात्यावर बंद आहे, आपण सांगितलेत तर मी इथून सुरू करून देईन. पॅक दिवसा, सवडीने घेता आला तरी रात्रीची धावपळ बरीच टळेल.

आता प्रीमियम योजनेविषयी. तिचा दर महिना १४०० रुपये असून तिच्यात १२०० पट्ट्या आणि पाच लॉगिन मिळतात. वार्षिक घेतल्यास बारा महिन्यांसाठी दहा महिन्यांचे, म्हणजे १४,००० रुपये लागतात. वार्षिक योजना आपण घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षातील सात महिने आपले काम ४०० पट्ट्यांच्या आत भागते, त्या महिन्यांत जास्तीची मर्यादा नुसती पडून राहील आणि आपण आत्ताच्यापेक्षा ३५५० रुपये जास्त भराल. एप्रिल आणि ऑगस्टमध्येही बेसिक योजना आणि जादा पॅक हेच स्वस्त पडते.

मे, जून आणि जुलै या तीन महिन्यांपुरतीच प्रीमियम योजना घेतली तर मात्र चित्र वेगळे दिसते. तीन महिन्यांचे ४२०० रुपये, एप्रिलचे ११००, ऑगस्टचे ८५० आणि उरलेल्या सात महिन्यांचे ४२०० मिळून वर्षाचा खर्च १०,३५० रुपये होतो. आपण गेल्या वर्षभरात दिलेल्या रकमेपेक्षा हा आकडा १०० रुपयांनी कमी आहे. मात्र पट्ट्या रद्द होणे टाळून जूनचा एक पॅक वाचवला तर बेसिक योजनाच १५० रुपयांनी स्वस्त पडेल. सारांश, पैशाच्या दृष्टीने दोन्ही मार्ग जवळपास सारखेच आहेत. बचत होते म्हणून प्रीमियम घ्या असे मी म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही.

फरक पडतो तो काम न थांबण्यात आणि लॉगिनमध्ये. आपल्या कापणीच्या तीन टोळ्या एकाच दिवशी वेगवेगळ्या गावांत असतात आणि लॉगिन दोनच असल्यामुळे तिसरा काटेवाला आत आला की पहिल्या दोघांपैकी एक जण बाहेर फेकला जातो. जूनमध्ये असे कितीतरी वेळा झाले आहे आणि उरलेल्या १५ रद्द पट्ट्यांपैकी बहुतेक अशाच अर्धवट राहिलेल्या होत्या. मे-जूनमध्ये वादळी वारा येऊन गेला की पडझड झालेल्या बागांचा माल दोन-तीन दिवसांतच उचलावा लागतो. त्या दिवसांत पट्ट्या किती होतील याचा अंदाज आपल्यालाही नसतो आणि आम्हालाही नसतो. अशा वेळी १२०० ची मर्यादा हाताशी असलेली बरी, एवढाच माझा मुद्दा आहे. आपल्याला तिसऱ्या लॉगिनची गरज वाटत नसेल आणि सूचना सुरू करून पॅक दिवसा घेणे जमणार असेल, तर प्रीमियम योजनेची आपल्याला आवश्यकता नाही.

या जुलैबाबत. आज सकाळपर्यंत ७१ पट्ट्या झाल्या आहेत आणि याच गतीने ४०० ची मर्यादा १७ तारखेच्या सुमारास संपेल. प्रीमियम योजना कॅलेंडर महिन्याप्रमाणे मोजली जाते. ती ५ तारखेला घेतली काय किंवा २० तारखेला, १४०० रुपयेच लागतात आणि आधी झालेल्या पट्ट्या १२०० मध्ये धरल्या जातात. या महिन्याचे बेसिकचे ६०० रुपये आपण भरलेले आहेत, ते वळते करून आता फक्त ८०० रुपये भरावे लागतील. उशीर करण्याने दर वाढत नाही आणि कोणतीही सवलत संपत नाही, फक्त महिना पुढे सरकल्यावर घेण्यात अर्थ उरत नाही. विचाराला वेळ हवा असेल तर जुलै नेहमीप्रमाणे पॅकवर काढावा आणि पुढच्या वर्षी मेच्या सुरुवातीला पाहावे.

प्रीमियम घेतल्यास ती ३१ जुलैला आपोआप संपेल आणि खाते पुन्हा बेसिकवर येईल. पुढच्या महिन्याचे पैसे आपल्या खात्यातून परस्पर कापले जाणार नाहीत. जुन्या पट्ट्या, शेतकऱ्यांची खाती आणि हिशेब जसेच्या तसे राहतील. एवढेच होईल की पाचांपैकी कोणते दोन लॉगिन चालू ठेवायचे ते आपल्याला कळवावे लागेल.

हे पत्र घरी धाकट्या भाऊंनाही दाखवावे, कारण काट्यावर रात्री तेच असतात आणि तिसऱ्या लॉगिनची गरज किती आहे हे त्यांना अधिक नेमके सांगता येईल. आपला निर्णय याच पत्राला उत्तर म्हणून एका ओळीत कळवला तरी पुरे. उत्तर आले नाही तर आपण आहे तीच योजना चालू ठेवू इच्छिता असे मी समजेन आणि या विषयावर आमच्याकडून आपल्याला पुन्हा फोन येणार नाही. तारीख बदलण्याची पद्धत आपल्या माणसांना दाखवायची असेल तर पुढच्या गुरुवारी मी फैजपूरला येणारच आहे, तिथून सावद्याला अर्धा तास येऊन जाईन. त्याचे शुल्क नाही, आणि प्रीमियम घेण्याशी त्याचा संबंधही नाही.

आपली नम्र,
ग्राहक संपर्क अधिकारी
पट्टी-नोंदणी सेवा, जळगाव कार्यालय