चिऊला, पहिल्या दिवाळीआधी

चिऊ बाळा,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू घाईत असतेस म्हणून लिहितेय, एका बोटाने टाइप करतेय तेव्हा चुका काढू नकोस.

आकाशकंदील वसुबारसेलाच लागला पाहिजे, आपल्याकडे तसंच आहे. तुझे आजोबा कामट्यांचा करायचे, आत पणती ठेवायचे, एका वर्षी वाऱ्याने अख्खा पेटला आणि तेव्हापासून बल्ब. तू विकतचा आण, काही बिघडत नाही, पण खाली शेपट्या मात्र हाताने चिकटव.

आता तोरण. झेंडू आदल्या दिवशी घेऊ नकोस, भाव बघूनच चक्कर येते. मी दोन दिवस आधी सकाळी लवकर गणेशवाडीच्या फूलबाजारात जाते, न उमललेली घट्ट फुलं निवडते आणि ओल्या फडक्यात सैल गुंडाळून गारव्याला ठेवते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलीस की काळी पडलीच म्हणून समज. ओवताना सुई देठातून घाल, पाकळ्यांतून घातली की दुपारपर्यंत फूल सुटतं. आंब्याची पानं पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरव, काय चकाकतात बघ! आणि शेवटचं पान घरात सगळ्यात नवीन आलेल्या माणसाने बांधायचं, तुझ्या आईने बांधलं, तिच्याआधी मी. यंदा तिकडे तू बांध, सासूबाईंना आधी विचारून हं.

पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेव आणि मग नीट वाळव, नाहीतर अर्धं तेल मातीच पिते. धनत्रयोदशीला कणकेचा दिवा, वात दक्षिणेकडे, हे विसरायचं नाही.

रांगोळी हातातून सुटत नसेल तर त्यात थोडी बारीक चाळलेली वाळू घाल. तुमच्या फ्लॅटबाहेरच्या गुळगुळीत टाइलवर ती पसरते, म्हणून आधी गेरूचा हात दे आणि पूर्ण वाळू दे, मला घाई नडते दरवर्षी. लक्ष्मीची पावलं साच्याने नको गं, तांदळाच्या ओल्या पिठात मुठीची कड बुडवून उठव, बोटांच्या टोकाने पाच ठिपके, झालं पाऊल. दारातून आत येणारी काढ, लहानपणी तू उलटी काढलीस तेव्हा काकू किती हसली होती!

पूजेच्या मागे माझी येवल्याची पैठणी लावायचा विचार असेल तर पिना टोचायच्या नाहीत, दोरीवर घालून कपड्यांचे चिमटे लाव, आणि समई तिच्यापासून हातभर लांब. थर्माकोलचं काही आणू नकोस, 2018 पासून बंदीच आहे, आणि मला ते कधी आवडलंही नाही.

त्यांच्याकडे काही वेगळं करत असतील तर तेच आधी कर, आपलं नंतर, तोरणाचं पान तेवढं सोडू नकोस.

पाडव्याला दिवाळसणाला दोघं येताय ना? निखिलरावांना चकली आवडते का ते कळव. आणि येताना ती पितळेची छोटी चाळणी घेऊन ये, तुझ्या सामानात चुकून गेलीय, माझी आहे ती.

तुझी आजी,
पंचवटी