दिवेलागण

(इंदूर, रामबागेतलं जुनं घर. तिन्हीसांजेची वेळ. आजी निरांजन पुसतेय.)

चिंगी: आजी, ट्यूबलाइट आहे ना? मग दिवा कशाला?

आजी: ट्यूब काय, बटण दाबलं की लागते. दिव्यापाशी बसावं लागतं. ये, वात वळ.

चिंगी: सुटतेय गं!

आजी: बोटांना दुधाचा हात लाव. हं, अशी. आमच्या लहानपणी वीज सारखी जायची. देवापुढचा दिवा दिसला की वाड्यातली पोरं खेळ टाकून घरी. आजोबा राजवाड्याकडून सायकलवर यायचे, खिडकीतला उजेड बघत.

चिंगी: आता कोण बघतं?

(फाटक वाजतं.)

आजी: तुझी आई. रोज विचारते, दिवा लावला का?

चिंगी: थांब, काडी मी ओढणार!

आजी: आधी पाय धू. मग शुभंकरोती, मोठ्यानं.