आजी, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!

प्रिय आजी,

आज तुला ७८ वर्षं पूर्ण झाली. इथूनच नमस्कार करते. आशीर्वाद संध्याकाळी साडेसहाला फोनवर दे, आणि एकटीला नको, सगळ्यांना दे, कारण सगळेच जमणार आहेत.

"काय हवंय?" असं विचारलं की तू म्हणणार, "मला मेलीला आता काय करायचंय!" म्हणून यंदा तुला कुणी विचारलंच नाही. खोक्यात तीन वस्तू आहेत: वाचायचा दिवा, फोन उभा करायचं स्टँड आणि फोटोंचं पाकीट. प्रत्येकासोबत आलेली माहितीपत्रकं मुंगीएवढ्या अक्षरात आहेत, ती वाचत बसू नकोस. जे लागेल ते मी इथे मोठ्या अक्षरात छापलं आहे.

आधी दिवा. दुपार कलली की तू शब्दकोडं अर्धवट सोडतेस आणि वर "डोळे गेले आता" म्हणतेस. डोळे कुठेही गेलेले नाहीत. चष्म्याचा नंबर गेल्या तपासणीत होता तसाच आहे. वय वाढलं की डोळ्याची बाहुली अंधूक उजेडात पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे त्याच खोलीत त्याच दिव्याखाली तुझ्या डोळ्यांत माझ्यापेक्षा कमी प्रकाश पोचतो. त्यात तुमचा दिवा छताला! दिवा आणि कागद यांतलं अंतर निम्मं केलं की कागदावरचा उजेड साधारण चौपट होतो. म्हणून मोठा दिवा न घेता जवळ येणारा दिवा घेतला.

त्याचा चिमटा खुर्चीच्या डाव्या हाताला लावायचा. तू उजव्या हाताने लिहितेस, त्यामुळे दिवा उजवीकडे असला तर नेमक्या लिहायच्या चौकटीवर हाताची सावली पडेल. दिव्याची मान वाकवून त्याचं तोंड कागदापासून साधारण दीड फुटावर आण. बसल्यावर दिवा थेट डोळ्यांत दिसत असेल तर तो आणखी खाली घे, नाहीतर दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी येईल. बटणाला नुसतं बोट लावलं की उजेड तीन पायऱ्यांनी वाढतो. मधल्या पायरीपासून सुरुवात कर. आणि हे मुद्दाम सांगते, कारण तुझा काटकसरी स्वभाव मला माहीत आहे: वाचताना खोलीतला दिवा बंद करायचा नाही. कागद लख्ख आणि आजूबाजूला काळोख असला की नजर सारखी जुळवून घ्यावी लागते आणि डोळे लवकर थकतात. पुरवणीचा गुळगुळीत कागद चमकला तर दिवा न हलवता कागद जरा तिरका धर.

वायर भिंतीच्या कडेने नेऊन घ्यायची, काकूला सांग. रात्री तू बाथरूमला जातेस त्या वाटेत ती येता कामा नये. चटईखालीही लपवायची नाही. तिथे ती दिसत नाही, पण पाय अडखळतोच, आणि वरून तुडवून तुडवून वायर खराब होते ते वेगळंच.

आता स्टँड. व्हिडिओ कॉल लागला की तू सवयीने फोन कानाला लावतेस आणि आम्हा सर्वांना तुझ्या कानाचं दर्शन घडतं. कान छान आहे, पण वाढदिवसाला चेहरा बघायचा आहे. स्टँड टेबलावर ठेव, त्याच्याखाली दोन जाड पुस्तकं घाल, म्हणजे फोन तुझ्या डोळ्यांच्या उंचीला येईल. तू खिडकीकडे तोंड करून बस. खिडकी पाठीमागे असली की फोन मागचा उजेड धरतो आणि तुझा चेहरा काळा दिसतो. साडेसहाला बाहेर उजेड उतरलेला असेल, तेव्हा समोरचा दिवाही लाव. स्पीकर चालू ठेव. कानातलं यंत्र काढू नकोस. फोन कानाला चिकटवला की यंत्राचा आवाज परत यंत्रातच शिरतो आणि शिट्टी वाजते, हातभर अंतर ठेवलं की बहुतेक वाजत नाही. दुपारी फोन चार्जिंगला लाव. आमच्याकडून मी सगळ्यांना ताकीद दिली आहे की एका वेळी एकानेच बोलायचं. बाबा आणि आत्या ते पाळतील असं मला वाटत नाही.

पाकिटातले फोटो म्हणजे तुझ्या जुन्या अल्बममधल्या २४ फोटोंच्या मोठ्या प्रती. आजोबा ओळखू येतात, तू ओळखू येतेस, बाकी निम्मी माणसं आमच्यापैकी कुणालाच ओळखता येत नाहीत. बाबा ठामपणे एक नाव सांगतात, आत्या तितक्याच ठामपणे दुसरं. वाढदिवस तुझा असला तरी भेट मीच मागते: ही माणसं कोण, ते तुझ्या आवाजात सांग. लिहायचं नाही, तुझं मनगट दुखतं.

प्रत्येक प्रतीवर कोपऱ्यात क्रमांक आहे. व्हॉट्सॲपवर माझं नाव उघड, खाली उजवीकडे मायक्रोफोनचं चित्र आहे, ते दाबून धर आणि बोट तसंच वर सरकव. कुलूप लागतं, मग बोट उचललं तरी चालतं आणि हवं तितका वेळ बोलता येतं. बोट आधीच सुटलं तर अर्धंच वाक्य माझ्याकडे येतं, आणि डावीकडे सरकलं तर बोललेलं पुसलं जातं. झालं की बाणावर टिचकी. आधी क्रमांक सांग, मग पुढची रांग डावीकडून उजवीकडे, मग मागची. नाव आठवलं नाही तर नातं सांग, नातं आठवलं नाही तर तो माणूस कसा होता ते सांग. विषय भरकटला तर भरकटू दे, मला तेच हवं आहे. दिवसाला दोन-तीन फोटो पुरेत. सगळे एका बैठकीत संपवायला बसू नकोस, घसा बसेल. आलेलं सगळं मी त्याच दिवशी वेगळं साठवून ठेवीन.

मूळ फोटोंवर मात्र बॉलपेनने नावं घालू नकोस. दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. अल्बमच्या पानाला चिकटून बसलेले फोटो ओढून काढू नकोस, चेहऱ्याचा थर सोलून निघतो. ते मी आले की बघू.

आज फोनवर "वाढदिवसाचं बक्षीस लागलं, इथे दाबा" असं काही आलं तर दाबायचं नाही, आणि फोनवर आलेला आकडा कुणालाही सांगायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

फोन उचलल्या उचलल्या सगळ्यात आधी "जेवलीस का" असं मला तुझ्याशिवाय कुणी विचारत नाही, त्यामुळे तुझी आठवण रोज येते. महिनाअखेरीला चार दिवसांची सुट्टी टाकली आहे. सगळ्या रात्री तुझ्याच खोलीत झोपणार, काकूला गादी काढायला सांगू नकोस, मी काढीन.

साडेसहा, चष्मा लावून, खिडकीसमोर.

तुझीच,
मनू

ता. क. खोका मजबूत आहे म्हणून तू तो जपून ठेवणार, हे मी धरूनच चालले आहे. ठेव, पण माळ्यावर ठेवायला स्टुलावर तू चढायचं नाहीस.