आमंत्रण: हळद खरेदीदार-उत्पादक भेट, सांगली, रविवार २२ फेब्रुवारी २०२६

विषय: हळद भेटीचं आमंत्रण, उत्तर सोमवार १६ तारखेपर्यंत कळवा

सप्रेम नमस्कार,

नवी हळद यार्डात यायला लागलीय, आणि दरवर्षी असंच होतं की माल सौद्याला लागतो, भाव फुटतो, गाडी भरून जाते, पण पिकवणारा आणि परदेशी पाठवणारा एकमेकांना कधी भेटतच नाहीत. ते यंदा व्हावं म्हणून आम्ही सांगलीतले काही अडते आणि वाळवा, मिरज, तासगाव भागातले शेतकरी मिळून एक दिवसाची भेट ठरवलीय, आणि तुम्ही त्यात हवेतच म्हणून हे आग्रहाचं आमंत्रण.

रविवार, २२ फेब्रुवारी २०२६, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच. रविवार मुद्दाम धरला, त्या दिवशी सौदे नसतात, कुणाला दुकान सोडून पळावं लागणार नाही.

भाषणं अगदी कमी. सकाळी टेबलावर नमुने मांडणार, हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, आणि ज्याचा माल तो शेतकरी स्वतः टेबलापाशी उभा असणार, म्हणजे बेणं कुठलं, कसं शिजवलं, किती दिवस वाळवलं, फवारणी काय केली हे खरेदीदाराने थेट त्यालाच विचारायचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मिळालं, पण बाहेरचा खरेदीदार नुसत्या नावावर माल उचलत नाही, त्याला करक्युमिन किती आणि औषधाचा अंश किती याचा रिपोर्ट लागतो. म्हणून दुपारच्या आधी एक तास फक्त टेस्टिंगवर ठेवलाय: नमुना कसा काढायचा, रिपोर्ट कसा वाचायचा. आमच्या मते दिवसभरातला सगळ्यात कामाचा तास तोच आहे, तो कृपया चुकवू नका. जेवणानंतर एका गोडाऊनला भेट, तिथे पॉलिश आणि प्रतवारी चालू असताना बघायला मिळेल.

येणार की नाही ते सोमवार, १६ फेब्रुवारीपर्यंत याच मेलला रिप्लाय करून कळवा, महाशिवरात्रीचा दुसरा दिवस म्हणजे लक्षात राहील. रिप्लायमध्ये तुमचं नाव, फर्मचं किंवा गावाचं नाव, किती जण येणार, आणि कुणाचा उपवास किंवा जैन जेवण असेल तर तेही लिहा. एका फर्मकडून दोघं, शेतकरी असाल तर घरच्या बाईमाणसासह या, हळद निवडण्यात त्यांचाच हात जास्त असतो. फी काही नाही, पण जागा १२० च आहेत, त्यामुळे येणं रद्द झालं तर शुक्रवारपर्यंत सांगा, दुसऱ्या कुणाला बोलावता येईल. नमुना आणणार असाल तर अर्धा किलो, पारदर्शक पिशवीत, वर गाव आणि जात (राजापुरी, सेलम जे असेल ते) लिहून.

कपड्यांचं म्हणाल तर कार्यक्रम व्यवसायाचा आहे, खरेदीदार मंडळींनी साधा फॉर्मल शर्ट-पॅन्ट किंवा साडी, ड्रेस असं यावं, कोट-टायची गरज नाही, फेब्रुवारीतलं सांगलीचं ऊन दुपारी चांगलंच लागतं. धोतर, टोपी, फेटा जे रोजचं असेल ते उत्तम. फक्त पांढरं नको! नमुने हाताळताना बाही पिवळी होतेच आणि तो डाग धुवून जात नाही. गोडाऊनसाठी चप्पल नको, बंद बूट घाला. तिथे धूळ उडते, दम्याचा त्रास असेल त्यांनी मास्क जवळ ठेवा किंवा तो भाग सोडून हॉलवरच थांबा, चहाची सोय असेल.

हॉल विश्रामबागला आहे, सांगली-मिरज रोडवर. पुण्याकडून येणाऱ्यांनी हायवेवरून पेठ नाक्याला वळायचं, मग इस्लामपूर, आष्टा करत सांगलीत, आणि गावातून मिरज रोड धरायचा. पुष्पराज चौक मागे टाकून सरळ या, विलिंग्डन कॉलेज दिसलं की वेग कमी करा, तिथून पुढे दारात पिवळी कमान लावलेला हॉल. कोल्हापूरकरांनी हातकणंगले, जयसिंगपूरवरून अंकलीचा पूल ओलांडून सांगलीत यावं. रेल्वेने येणार असाल तर सांगली किंवा मिरज, दोन्ही चालतात, महालक्ष्मी एक्सप्रेस पहाटे पोचते, त्या गाडीने येणाऱ्यांनी रिप्लायमध्ये तसं लिहा, आम्ही स्टेशनवर माणूस पाठवू आणि आंघोळीला खोली देऊ. गाड्या हॉलच्या मागच्या मैदानात लावा, रस्त्यावर नको. लोकेशनची पिन १७ तारखेला, येणाऱ्या सगळ्यांना पाठवू.

ज्यांना संध्याकाळी वेळ असेल त्यांना हरिपूरला नेणार आहोत, कृष्णा-वारणेच्या संगमावर, जिथे हळद साठवायची जमिनीतली पेवं होती. २००५ च्या पुरात त्यांतली बरीच गेली, तरी नव्या माणसाने ती जागा एकदा बघावी असं मनापासून वाटतं. येणार असाल तर रिप्लायमध्ये “हरिपूर” एवढंच लिहा, गाडी त्या हिशोबाने सांगू.

तुमच्या उत्तराची वाट बघतोय.

आपला नम्र,
प्रमोद
सर्व संयोजक अडते आणि शेतकऱ्यांच्या वतीने
मार्केट यार्ड, सांगली